दात पांढरे करण्याच्या ऑफरचं रील : आवाज द्यायचाय, पण ही वाक्यं तोंडून निघत नाहीत

स्वरूपा_नाशिक

मंडळी, मी जाहिरातींना आणि माहितीपटांना आवाज देते. एका डेंटल क्लिनिकच्या टीथ व्हाइटनिंगच्या ऑफरचं तीस सेकंदांचं रील आलं आहे. संहिता एजन्सीने लिहून पाठवली, ती अशी :

«पिवळ्या दातांमुळे हसायला लाजताय? आता नाही! फक्त एका तासात, एकाच सीटिंगमध्ये तुमचे दात तब्बल ८ शेड पांढरेशुभ्र! लेझर टेक्नॉलॉजी. शून्य वेदना, शून्य साइड इफेक्ट, शंभर टक्के सुरक्षित. आणि रिझल्ट कायमचा! ९,९९९ रुपयांचं व्हाइटनिंग आता फक्त ३,९९९ रुपयांत. ऑफर आजपुरतीच. लगेच कॉल करा!»

हे असंच्या असं मी वाचणार नाही, असं कळवलं. एजन्सीचा मुलगा समंजस आहे. तो म्हणाला, "ताई, नुसतं नाही म्हणू नका, बदली वाक्यं द्या. क्लिनिकच्या मॅडमना दाखवतो. पण तीस सेकंदांच्या वर जायचं नाही." मॅडमशी मी फोनवर बोलले. त्यांनी ही संहिता अजून वाचलेलीच नव्हती. त्या जेल वापरतात ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन राउंड. एवढं मला कळलं.

आता मला दोन गोष्टी हव्या आहेत. यातलं वैद्यकीय दृष्टीने नक्की काय चुकीचं आहे? आणि त्या जागी काय बोलावं, की ऐकणाऱ्याला खरं कळेल आणि जाहिरात जाहिरातच राहील? दातांचे डॉक्टर कुणी असतील तर जरूर लिहा.

---

अनिकेत_रील्स

ताई, मी अशी रील्स रोज करतो. संहिता थोडी भडक आहे हे मान्य, पण एवढं टेन्शन घेऊ नका. "८ शेड" च्या ऐवजी "८ शेडपर्यंत" करा. "पर्यंत" आलं की सुटलात. बाकीच्यासाठी शेवटच्या फ्रेममध्ये खाली बारीक अक्षरात टाका : परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात, अटी लागू. सगळे असंच करतात.

पहिली तीन सेकंदं मात्र सोडू नका. तिथे माणूस थांबला नाही तर पुढचं कितीही खरं असलं तरी ते ऐकणार कोण? "हसायला लाजताय" हे वाक्य चालतं, ते काढू नका.

---

अॅड_खानदेशी

अनिकेत, पहिल्या तीन सेकंदांचं तुमचं म्हणणं पटतं, बारीक अक्षरांचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ची. त्यात खुलाशाबद्दल स्वच्छ लिहिलंय : खुलासा मूळ दाव्याची फोड करू शकतो, पण चुकीचा दावा दुरुस्त करायला तो वापरता येत नाही. वर "कायमचा" म्हणायचं आणि खाली "कायमचा नाही" असं लिहायचं, हे बसत नाही.

आणि स्वरूपाताईंच्या कामाचं कलम त्यातच आहे. दावा आवाजातून केला असेल, तर खुलासा त्या आवाजाच्या बरोबरीने आणि त्याच गतीने दिसला पाहिजे. दाव्याची भाषा तीच खुलाशाची. म्हणजे मराठीत दावा आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात इंग्रजी ओळ, हेही गेलं.

---

अनिकेत_रील्स

हे आवाजाचं कलम मला माहीत नव्हतं. पण मग दंड कुणाला? मी ऐकलंय की आवाज देणाऱ्यालाही दहा लाख बसतात.

---

अॅड_खानदेशी

दहा लाखांचा आकडा खरा आहे, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पण तो मुख्यतः उत्पादक आणि एंडोर्सर यांच्यासाठी आहे. कायद्यात एंडोर्समेंट म्हणजे असा मजकूर, जो ऐकून ग्राहकाला वाटेल की हे त्या व्यक्तीचं स्वतःचं मत किंवा अनुभव आहे. पडद्यामागचा अनोळखी आवाज क्लिनिकची माहिती वाचतोय, तर ते साधारण त्यात मोडत नाही. पण त्याच आवाजाने "मी इथे दात करून घेतले, मला जराही दुखलं नाही" असं म्हटलं, तर मामला बदलतो. ताई, प्रथमपुरुषी वाक्य दिलं तर घेऊ नका, इतकं नक्की सांगतो.

---

दंतवैद्य_सातारा

स्वरूपाताई, मी गेली बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यात ब्लीचिंगही, म्हणजे तुमचं हे व्हाइटनिंग, करतो. तुमच्या संहितेत "८ शेड" हाच सगळ्यात फसवा भाग आहे, म्हणून तोच नीट सांगतो. बाकीची वाक्यं त्यामानाने सरळ आहेत.

आमच्याकडे दाताचा रंग मोजायला शेड गाइड असतं. सगळ्यात चालतं ते सोळा रंगांचं, दाताच्या आकाराच्या छोट्या पट्ट्यांचं. उजळपणाच्या क्रमाने लावलं तर पहिली पट्टी बी१, मग ए१, बी२, डी२, ए२ अशी उतरत जाते आणि शेवटी सी४. आपल्याकडच्या चाळिशीतल्या, चहा पिणाऱ्या माणसाचा दात अनेकदा ए३ च्या आसपास येतो. ए३ ही त्या रांगेत नववी. तिथून पहिलीपर्यंत गेलं तर आठ पायऱ्या. "८ शेड" असे येतात. पण ज्याचा दात मुळात ए२ आहे, म्हणजे पाचवी पट्टी, त्याच्या वर त्या गाइडमध्ये चारच पट्ट्या उरतात. त्याला आठ शेड द्यायच्या कुठून? आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंही नाही, त्यामुळे एकाच्या तीन शेड डोळ्यांना दुसऱ्याच्या पाच शेडइतक्या दिसू शकतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोजलं कधी? ब्लीचिंग करताना ओठ-गाल रिट्रॅक्टरने उघडे ठेवलेले असतात आणि दात तासभर कोरडे असतात. कोरडा दात मुळातच पांढरा दिसतो. रिट्रॅक्टर काढल्या काढल्या पट्टी लावली किंवा फोटो काढला, तर त्यात जेलचं काम किती आणि कोरडेपणा किती हे वेगळं करता येत नाही. लाळ मुरली की पुढच्या काही दिवसांत रंग थोडा खाली येतो. म्हणून खरा रंग मी दोन आठवड्यांनी पाहतो, आणि पेशंटला तेवढा उतार होणार हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर चौथ्या दिवशी फोन येतो की डॉक्टर, उतरलं.

त्यामुळे "८ शेडपर्यंत" मधल्या "पर्यंत" ने काही सुटत नाही, अनिकेत. ऐकणाऱ्याच्या कानात आठच राहतात.

---

स्वरूपा_नाशिक

डॉक्टर, हे फार उपयोगी पडलं. मग आकडाच नको, असं म्हणता?

---

दंतवैद्य_सातारा

रीलमध्ये नको. खुर्चीत बसलेल्या माणसाला आकडा सांगता येतो, कारण त्याची पट्टी समोर असते. "रंग उजळू शकतो, किती ते तुमच्या दातांवर आहे" एवढं आवाजात पुरे.

"लेझर" बद्दल मॅडमना विचारा की यंत्र नक्की कोणतं. बहुतेक क्लिनिकांत निळा एलईडी दिवा असतो. दिवा असेल तर लेझर म्हणणं सरळ खोटं आहे. तसंही रंग बदलतं ते पेरॉक्साइड. दिव्यामुळे टिकाऊ फरक पडतो याला भक्कम आधार नाही. यंत्राचा उल्लेख काढून टाकला तर काही बिघडत नाही.

"शून्य वेदना" तर नकोच. ब्लीचिंगनंतर दातात सणक येणं ही यातली सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी काही जणांना गार हवेनेसुद्धा कळ येते. साधारण दिवस-दोन दिवसांत जाते, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधीपासून लावायला दिली तर कमी होते. चाळीस टक्क्यांचं जेल हिरडीला लागलं तर तिथे पांढरा चट्टा पडतो आणि चुरचुरतं. म्हणूनच आम्ही हिरडीवर रेझिनचा पट्टा लावून तो लाइटने घट्ट करतो आणि मगच जेल घालतो. नीट केलं तर ही सुरक्षित प्रक्रिया आहे, पण "शंभर टक्के" आणि "शून्य" हे शब्द कुठल्याच उपचाराला लावता येत नाहीत.

---

मीनाकाकू_कोथरूड

माझा अनुभव लिहिते, कारण असंच रील बघून मी गेले होते. क्लिनिकचं नाव घेत नाही. माझ्या वरच्या पुढच्या एका दाताला जुनी कॅप आहे. भाचीच्या लग्नाआधी दात पांढरे करून घेतले. झालं असं, की बाकीचे दात छान उजळले आणि कॅप होती तशीच राहिली. आधी सगळे एकसारखे पिवळट होते, कुणाला काही कळत नव्हतं. आता तो एकच दात वेगळा दिसायला लागला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी तोंड मिटून आहे. नंतर कॅप बदलावी लागली आणि तिचा खर्च व्हाइटनिंगच्या दुपटीहून जास्त आला.

मला कुणी आधी सांगितलं असतं की कॅपचा रंग बदलत नाही, तर मी लग्नानंतर आरामात दोन्ही एकदम केलं असतं. रीलमध्ये हे एक वाक्य असतं तर मी काउंटरवर विचारलं असतं, एवढंच.

---

दंतवैद्य_सातारा

काकू, हे अगदी नेमकं लिहिलंत. पेरॉक्साइड नैसर्गिक दातातल्या रंगावर काम करतं. कॅप, व्हिनियर म्हणजे दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा, आणि दातरंगी फिलिंग यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये क्रम उलटा लावावा लागतो : आधी ब्लीचिंग, मग निदान दोन आठवडे थांबायचं, रंग स्थिरावला की त्या रंगाची नवी कॅप. फिलिंग बदलायचं असेल तरी तेवढं थांबतो, कारण ब्लीचिंगनंतर दातात अडकलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन नीट चिकटत नाही.

स्वरूपाताई, तपासणीनंतरच्या सगळ्या सूचनांमधून एकच रीलमध्ये घ्यायची झाली तर मी कॅप-फिलिंगची घेईन. बाकी गोष्टी खुर्चीत लक्षात येतात. ही आधी माहीत असेल तर माणूस यायच्या आधी विचार करतो.

---

जिज्ञासू_७७

आठशे रुपयांच्या ब्लीचिंग किटपेक्षा घरी लिंबू आणि खायचा सोडा लावला तर तोच परिणाम मिळतो ना? मग एवढे पैसे कशाला?

---

दंतवैद्य_सातारा

जिज्ञासू, इथे किटची चर्चा नाही, पण लिहितो कारण हे खूप जण करतात. लिंबाचं आम्ल दाताचं वरचं आवरण झिजवतं, सोडा घासला की झीज वाढते. सुरुवातीला डाग गेल्यासारखे वाटतात. पण आवरण पातळ झालं की आतलं पिवळसर डेंटिन जास्त दिसतं, आणि गेलेलं आवरण परत येत नाही. कृपया थांबवा.

---

शेवंता_सोलापूर

आमच्या सासूबाई मिश्री लावायच्या, आता सोडलीय. दात काळपट आहेत. त्यांना हे ब्लीचिंग चालेल का? रील बघून त्याच म्हणाल्या.

---

दंतवैद्य_सातारा

ताई, मिश्रीचा, तंबाखूचा, पानाचा थर दाताच्या वरच्या बाजूला बसलेला असतो. तो स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतो, ब्लीचिंग लागत नाही. सफाई झाल्यावर अनेक पेशंट म्हणतात की आता एवढं पुरे. आधी सफाई करून घ्या. आणि मिश्री वापरलेल्या माणसाचं तोंड आतून नीट तपासणं दातांच्या रंगापेक्षा महत्त्वाचं आहे. गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा.

स्वरूपाताई, "आधी तपासणी" हे वाक्य तुमच्या संहितेत का हवं, ते इथे दिसतंय.

---

फ्रंटडेस्क_ठाणे

मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर आहे. डॉक्टर औषधाचं बोलले, मी पैशाचं बोलते, कारण भांडण माझ्या टेबलावर होतं.

"फक्त ३,९९९" ऐकून माणूस येतो. तपासणीत दातांवर टार्टर निघतं, म्हणजे सफाई करायलाच हवी, तिचे वेगळे पैसे. तिथे पहिली ठिणगी पडते. मग तो विचारतो, ९,९९९ कधी होते? आमच्याकडे पूर्वीच्या एका ऑफरला जुना दर असाच वाढवून छापला होता. एका बाईंनी मागच्या वर्षीची पावती काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि "आजपुरतीच". रील आज टाकलं तरी लोकांना ते दोन महिन्यांनी दिसतं. ते म्हणतात, मी आजच बघितलंय. ते खरंच बोलत असतात.

---

अॅड_खानदेशी

हे २०२२ च्या त्या तत्त्वांतही येतं. कमी दराचं आमिष दाखवायचं, आणि त्या दरात वस्तू मिळण्याची वाजवी शक्यताच नसायची, याला तिथे मनाई आहे. सफाईशिवाय ब्लीचिंग करतच नसाल, तर सफाईसकटचा आकडा सांगा.

---

स्वरूपा_नाशिक

मॅडमना पुन्हा फोन केला. यंत्र एलईडी आहे, लेझर नाही. "लेझर" हे एजन्सीने दुसऱ्या रीलवरून उचललं होतं. सफाईचे वेगळे एक हजार घेतात, आणि सफाईशिवाय ब्लीचिंग करत नाहीत. ९,९९९ हा दर कधीच नव्हता, आधी सात हजार होते. सगळं मिळून ४,९९९ होतात, ते त्यांनी पाच हजार करायला होकार दिला. ऑफर ३१ मार्चपर्यंत.

आता आवाजाच्या अंगाने एक गोष्ट सांगते, जी लिहिताना कागदावर दिसत नाही. मराठीत आकडे बोलायला फार वेळ लागतो. "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांचं व्हाइटनिंग आता फक्त तीन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांत" हे शांतपणे म्हणायला सहा-सात सेकंदं जातात. तीस सेकंदांच्या रीलमध्ये मी साधारण पासष्ट शब्द नीट ऐकू येतील असे बोलू शकते. म्हणजे रीलचा पाचवा हिस्सा या दोन आकड्यांनी खाल्ला होता. "पाच हजार रुपये" म्हणायला सव्वा सेकंद लागतो. जी सेकंदं सुटली त्यात कॅपचं वाक्यही बसतं आणि सणकेचंही. एजन्सीला मी हेच सांगितलं : वेळ नाही हे कारण खरं नाही, वेळ जुन्या दराने घेतला होता.

पहिला खर्डा टाकते :

«चहा-कॉफीने, वयाने दात पिवळट झालेत? आमच्या सुरक्षित ब्लीचिंगने ते काही शेड उजळू शकतात. आधी तपासणी आणि सफाई. कॅप किंवा फिलिंगचा रंग बदलत नाही. नंतर दातात किंचित सणक येऊ शकते. ३१ मार्चपर्यंत तपासणी, सफाई आणि ब्लीचिंग मिळून पाच हजार रुपये. आजच या!»

---

अनिकेत_रील्स

ताई, खरं सांगू? हे माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं वाटतंय. पण सुरुवात मऊ आहे. "हसायला लाजताय" मध्ये जी ओढ होती ती यात नाही.

---

मीनाकाकू_कोथरूड

ती ओढ नव्हे हो, टोचणी आहे. मी त्या टोचणीनेच गेले होते. माझे दात किडके नव्हते, घाण नव्हते, नुसते पिवळट होते.

---

दंतवैद्य_सातारा

काकूंच्या बोलण्यात वैद्यकीय मुद्दाही आहे. निरोगी दात पांढराशुभ्र नसतोच. आतलं डेंटिन पिवळसर असतं आणि वरचं आवरण अर्धपारदर्शक, त्यामुळे थोडी पिवळी झाक ही तब्येतीची खूण असू शकते. वयाबरोबर ती वाढते. पिवळा दात म्हणजे लाजिरवाणा दात, असं क्लिनिकच्या आवाजात सांगणं म्हणजे नसलेला आजार दाखवणं झालं. चहा-कॉफी-वय हे कारण सांगणारी सुरुवात मला बरोबर वाटते.

खर्ड्यात तीन दुरुस्त्या. "आमच्या सुरक्षित" काढा. त्यातून दुसरीकडचं असुरक्षित असंही सुचतं. "किंचित सणक" मधलं "किंचित" काढा, कारण कुणाला किती येईल ते आपण ठरवू शकत नाही. आणि किती टिकतं त्याबद्दल अक्षरही नाही. लोक गृहीत धरतात की कायमचं. काहींचं वर्षभराहून जास्त टिकतं, तंबाखू खाणाऱ्याचं काही महिन्यांत उतरतं. मुदत सांगू नका, पण कायमचं नाही एवढं तरी आवाजात हवं.

कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करावा लागतो, हेही जमलं तर घाला. उघड्या किडीत चाळीस टक्क्यांचं जेल गेलं तर पेशंट रात्रभर झोपत नाही.

---

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये असतो. चाळीस टक्के वाचून धक्का बसला. इथे दात पांढरे करायच्या उत्पादनात ६ टक्क्यांपर्यंतच हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, तेही डेंटिस्टच्या हाताखालीच. दुकानातून घ्याल त्यात ०.१ टक्का. अठरा वर्षांखालच्यांना नाही. मग चाळीस टक्के वापरणं हेच चूक नाही का? रीलचं सोडा.

---

दंतवैद्य_सातारा

तुमच्याकडचे आकडे बरोबर आहेत. आपल्याकडे खुर्चीत करायच्या ब्लीचिंगला ३५ ते ४० टक्क्यांची जेलं सर्रास वापरली जातात आणि ती हिरडी झाकून, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायची असतात. घरी दातांवर बसवायच्या ट्रेमध्ये घालून लावायला देतो ते बहुधा १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. त्यातलं दहा टक्के म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे तुमच्या मर्यादेत. ट्रेला दोन-तीन आठवडे लागतात, पण सणक सहसा कमी येते आणि अखेरचा रंग बराचसा तिथेच पोहोचतो. मी स्वतः घाई नसलेल्या पेशंटला ट्रेच सुचवतो. याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत, ते इथे मिटणार नाही.

स्वरूपाताईंसाठी एवढंच : जेलचे टक्के आवाजात नकोत, आणि अठराच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायकांना आपण करत नाही, हे कॅप्शनमध्ये मराठीत ठळक लिहा.

---

स्वरूपा_नाशिक

दुरुस्त केलेली संहिता. रेकॉर्ड करून पाहिली, घाई न करता एकोणतीस सेकंदांत बसते :

«चहा-कॉफीने, वयाने दात पिवळट झालेत? ब्लीचिंगने त्यांचा रंग उजळू शकतो. किती, ते तुमच्या दातांवर अवलंबून. म्हणून आधी तपासणी. कीड किंवा हिरड्यांचा त्रास असेल, तर त्याचा उपचार पहिला. कॅप, फिलिंग, व्हिनियर यांचा रंग बदलत नाही. नंतर दिवस-दोन दिवस दातात सणक येऊ शकते. परिणाम कायमचा नसतो. चहा, तंबाखूने रंग पुन्हा चढतो. ३१ मार्चपर्यंत तपासणी, सफाई आणि ब्लीचिंग मिळून पाच हजार रुपये. आधी दात दाखवा, मग ठरवा.»

वाचण्याबद्दल : कॅपचं आणि सणकेचं वाक्य मी दराच्या वाक्याच्याच सुरात आणि वेगात वाचलंय. औषधांच्या जाहिरातीत शेवटी सूचना गडबडीने गुंडाळतात तसं केलं, तर लिहिलेलं सगळं वाया जातं. एडिटरला सांगितलंय की त्या दोन वाक्यांखाली संगीत चढवायचं नाही.

---

फ्रंटडेस्क_ठाणे

"मिळून" हा शब्द माझ्यासाठी सोन्याचा आहे. एक विनंती : एक्स-रे लागला तर तो यात धरलाय की नाही, हे मॅडमना विचारून ठेवा. पुढचं भांडण तिथे होणार.

---

स्वरूपा_नाशिक

विचारलं. धरलेला नाही. कॅप्शनमध्ये वेगळा दर देतायत.

---

दंतवैद्य_सातारा

संहिता उत्तम झाली. पण एक अडचण उरते आणि ती मला टाळता येत नाही. डेंटल कौन्सिलची २०१४ ची आचारसंहिता डेंटिस्टने पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं गैर मानते. क्लिनिक सुरू झालं, पत्ता बदलला, दर काय आहेत, अशा गोष्टी जाहीर करायला मुभा आहे. पाच हजारांचा दर सांगणं म्हणजे दर जाहीर करणं, असं म्हणता येईल. पण "३१ मार्चपर्यंत" म्हटलं की ती ऑफर झाली. मी माझ्या क्लिनिकसाठी ऑफर करत नाही ते यामुळेच.

---

अनिकेत_रील्स

डॉक्टर, मग मोठ्या डेंटल साखळ्यांची होर्डिंग्ज प्रत्येक चौकात आहेत, त्यांचं काय? एकट्या क्लिनिकने गप्प बसायचं आणि त्यांनी ओरडायचं?

---

अॅड_खानदेशी

दुसरा करतो म्हणून आपल्याला चालतं, हे उत्तर कौन्सिलसमोर टिकत नाही. ग्राहक कायदा बघतो की दिशाभूल झाली का. कौन्सिल बघते की पेशंट ओढले का. एकातून सुटलात म्हणून दुसऱ्यातून सुटत नाही. मुदत काढून नुसता दर ठेवावा, असा माझा सल्ला. पण मग मॅडम म्हणतील की ऑफरचं रील ऑफरशिवाय कशाला, आणि तेही खरं आहे.

---

स्वरूपा_नाशिक

मॅडमना दोन्ही बाजू कळवल्या. त्या त्यांच्या ओळखीच्या वकिलाला विचारून ठरवतायत. मी शेवटचा भाग दोन प्रकारे रेकॉर्ड करून दिलाय, एकात मुदत आहे, एकात नाही.

फोटोंचं मात्र ठरलं. क्लिनिककडे आधीचे-नंतरचे जे फोटो होते ते सगळे रिट्रॅक्टर काढल्या काढल्या घेतलेले, आणि "नंतर" च्या फोटोत प्रकाशही जास्त. डॉक्टरांनी लिहिलेलं मी मॅडमना वाचून दाखवलं. आता या रीलमध्ये फोटो नाहीत. शेड गाइडची पट्टी दाताशेजारी धरून तपासतानाचा शॉट घेतलाय.

---

दंतवैद्य_सातारा

छान. पुढच्या पेशंटपासून त्यांनी दोन आठवड्यांनीच फोटो घ्यावा : तीच खुर्ची, तोच प्रकाश, ओठ तेवढेच उघडे, सुरुवातीची पट्टी दोन्ही फोटोंत शेजारी, आणि पेशंटची लेखी संमती. पट्टी दोन्हीत सारखी दिसली तर प्रकाश सारखा होता हे कुणालाही पडताळता येतं.

---

मीनाकाकू_कोथरूड

स्वरूपा, रील आलं की इथे सांग. आमच्या सोसायटीतल्या एकीला पुढच्या दाताला कॅप आहे आणि ती पुढच्या महिन्यात व्हाइटनिंगला जाणार म्हणतेय. तिला ऐकवायचंय.